शेअरबाजार कोसळताना येन का वधारतो?

निशिगंधा

नमस्कार. माझा मुलगा ऑक्टोबर २०२४ पासून ओसाका येथे शिकत आहे. त्याच्या पहिल्या वर्षाच्या शुल्काचे १२ लाख येन आम्हाला ऑगस्टअखेरपर्यंत भरायचे होते. जुलैच्या सुरुवातीला शंभर येनांना साधारण ५२ रुपये पडत होते आणि येन कित्येक महिने स्वस्तच होत चालला होता. त्यामुळे थोडे थांबावे, आणखी काही हजार वाचतील, असा विचार करून आम्ही थांबलो.

मग ५ ऑगस्टचा सोमवार उजाडला. जपानचा निक्केई निर्देशांक त्या एका दिवसात १२.४ टक्के घसरला आणि आपला सेन्सेक्सही २,२०० अंकांहून अधिक पडला. ज्या देशाचा बाजार असा कोसळला आहे त्याचे चलनही आता घसरणारच, असे मला वाटले. प्रत्यक्षात बँकेत गेले तेव्हा शंभर येनांचा भाव ५८ रुपयांच्या आसपास होता. ज्या रकमेला ६ लाख २४ हजार पडले असते तिला ६ लाख ९६ हजार मोजावे लागले. ७२ हजारांचा हा फरक आमच्यासारख्या घराला लहान नाही.

पैसे गेले ते गेले, पण मला यातले कारण समजून घ्यायचे आहे. जगभर घबराट पसरली की काही चलने सुरक्षित मानली जातात, हे वाचलेले आहे. परंतु त्या दिवशी सर्वांत जास्त कोसळलेला मोठा बाजार खुद्द जपानचाच होता. मग आसरा म्हणून लोक जपानच्याच चलनाकडे का धावले?

माधुकरी

निशिगंधाताई, याचे उत्तर जपानच्या बचतीत आहे. जपानी लोक आणि त्यांच्या विमा कंपन्या अनेक दशके परदेशांत पैसा गुंतवत आल्या आहेत. १९९१ पासून २०२३ पर्यंत सलग, देणी वजा जाता, परदेशांत सर्वाधिक मालमत्ता जपानचीच होती आणि २०२३ अखेर ती ४७० लाख कोटी येनांहून अधिक होती. जगात काही अघटित घडले की हे लोक परदेशातील पैसा काढून मायदेशी आणतात. डॉलर विकून येन घेतले जातात आणि येन वधारतो.

११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी आठवून पाहा. संकट खुद्द जपानवर आले होते, तरीही डॉलरचा भाव ८३ येनांवरून सहा दिवसांत ७६.२५ येनांपर्यंत उतरला, कारण विमा कंपन्यांना भरपाई देण्यासाठी येन हवे होते. शिवाय जपान स्थिर आणि शिस्तीचा देश आहे, त्यामुळे परकीयांचाही त्याच्यावर विश्वास आहे.

दर्यावर्दी

मी मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत परकीय चलनाच्या व्यवहारांत २२ वर्षे काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माधुकरी यांचे पहिले विधान खरे आहे, परंतु ‘पैसा मायदेशी परततो’ या स्पष्टीकरणाला आकडेवारीचा पुरेसा आधार मिळत नाही. २०११ मध्ये विमा कंपन्या पैसा परत आणतील, अशी बाजारात सर्वांनी अपेक्षा धरली होती आणि त्या अपेक्षेवर येनची खरेदी झाली. नंतर भांडवलाच्या ये-जा करण्याचे आकडे तपासले तेव्हा तसा मोठा ओघ दिसलाच नाही. १७ मार्चच्या पहाटे, न्यूयॉर्क बंद होऊन टोकियो उघडायच्या मधल्या, सर्वांत कमी उलाढालीच्या वेळेत जपानमधील हजारो छोट्या गुंतवणूकदारांचे स्टॉप लॉस, म्हणजे तोटा ठरावीक मर्यादेला पोहोचताच व्यवहार आपोआप बंद करण्याचे आदेश, एकामागोमाग एक लागत गेले आणि ७६.२५ हा भाव आला. दुसऱ्या दिवशी जी-७ देशांनी एकत्र येऊन येन विकले, तेव्हा तो थोपला. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या संशोधकांनीही २०१३ मध्ये हेच मांडले की घबराटीत येन वधारतो तेव्हा जपानमध्ये पैसा येताना फारसा दिसत नाही, हालचाल दिसते ती वायदे आणि तत्सम व्यवहारांत.

दुसरे असे की देशाच्या सुस्थितीवर हे ठरत असते, तर ज्या देशाच्या सरकारचे कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक आहे त्याचे चलन कोणी आसरा मानले नसते. माझे म्हणणे असे आहे की येन वधारतो तो मुख्यतः तो आधीच उसना घेऊन विकलेला असतो म्हणून. घबराट झाली की उसने परत करावे लागते आणि परत करण्यासाठी आधी विकत घ्यावे लागते. ही खरेदी जपानवरच्या विश्वासातून होत नाही, ती देणेकऱ्याची खरेदी असते.

२०२४ चाच हिशेब मांडतो. जुलैच्या सुरुवातीला डॉलरचा भाव १६१ येनांच्या वर होता. सोपे जावे म्हणून १६० धरू. समजा एखाद्याने जपानमध्ये १ कोटी येन उसने घेतले. तेथील व्याजदर तेव्हा शून्याला टेकलेला होता, त्यामुळे त्याला फार तर अर्धा टक्का व्याज पडले असेल. त्या येनांचे त्याने ६२,५०० डॉलर केले आणि अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत सव्वापाच टक्क्यांनी ठेवले. येनवरचे व्याज देऊन त्याच्या हातात वर्षाला सुमारे ३,००० डॉलर उरतात. दर हलला नाही तर हे उत्पन्न जवळजवळ विनासायास मिळते, आणि येन आणखी घसरला तर त्यावर वेगळा नफा होतो. बाजारात याला कॅरी ट्रेड म्हणतात.

५ ऑगस्टला डॉलर १४२ येनांपर्यंत खाली आला. आता तेच १ कोटी येन फेडायला ७०,४०० हून अधिक डॉलर लागतात, म्हणजे सुमारे ७,९०० डॉलरचा तोटा होतो. अडीच वर्षांची कमाई एका महिन्यात गेली. त्याने स्वतःचे १२,५०० डॉलर तारण ठेवून हा व्यवहार केला असेल, तर त्यातले ६३ टक्के बुडाले. पण तेवढे बुडेपर्यंत ब्रोकर थांबत नाही. तो आधीच मार्जिन, म्हणजे आणखी तारण, मागतो आणि ते आले नाही तर स्वतःच येन विकत घेऊन खाते बंद करतो. त्या खरेदीने येन आणखी वर जातो आणि शेजारच्या खातेदाराचे मार्जिन अपुरे पडते.

अशी खाती किती होती, याची नेमकी मोजदाद कोणाकडेच नसते. तरी शिकागोच्या वायदेबाजाराचे आकडे एक झलक देतात. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात सट्टेबाजांनी तेथे खरेदी वजा जाता सुमारे १ लाख ८४ हजार करार येन विकून ठेवले होते. प्रत्येक करार सव्वा कोटी येनांचा असतो. म्हणजे एकट्या त्या बाजारात २.३ लाख कोटी येन विकून ठेवलेले होते, आणि २००७ नंतर ही विक्री इतकी कधीच साचली नव्हती. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ती सगळी फिटली आणि आकडा उलटा होऊन खरेदीच्या बाजूला गेला. ताई, तुम्ही बँकेत गेलात तेव्हा या रांगेत तुमच्यापुढे ही मंडळी उभी होती.

निशिगंधा

दर्यावर्दी साहेब, हिशेब अगदी स्पष्ट झाला. पण एक शंका उरते. उसने घेणाऱ्यांना नेमके ऑगस्टमध्येच कोणी घाबरवले? आणि निक्केई इतका का पडला? ही मंडळी तर अमेरिकी रोखे घेऊन बसली होती.

दर्यावर्दी

धक्का एक नव्हता, तीन-चार आठवड्यांत लागोपाठ बसत गेले. ११ आणि १२ जुलैला जपानच्या अर्थमंत्रालयाने स्वतः बाजारात उतरून येन विकत घेतले. त्या महिन्याभरातील एकूण खरेदी साडेपाच लाख कोटी येनांची होती, असे नंतर जाहीर झाले. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने व्याजदर पाव टक्क्यावर नेला. पाव टक्का दिसायला क्षुल्लक आहे, पण पुढेही दर वाढत जातील असा सूर त्या वेळी लागला. आणि २ ऑगस्टच्या शुक्रवारी अमेरिकेतील रोजगाराचे आकडे आले. बेरोजगारी ४.३ टक्क्यांवर गेली होती. त्यामुळे अमेरिका आता व्याजदर झपाट्याने उतरवील, असे सर्वांना वाटू लागले. एकीकडे उसनवारी महागणार आणि दुसरीकडे ठेवीचे उत्पन्न घटणार, अशी दोन्ही टोके जवळ येऊ लागली. शुक्रवारी अमेरिका बंद होताना भीती शिल्लक होती आणि सोमवारी सकाळी सर्वांत आधी उघडणारा मोठा बाजार टोकियोचा होता.

निक्केईबाबत तुमच्या मूळ प्रश्नाची दिशाच थोडी फिरवावी लागते. बाजार कोसळूनही येन वधारला, एवढेच झाले नाही. येन वधारला म्हणूनही बाजार कोसळला. निक्केईतील मोठ्या कंपन्या मोटारी, यंत्रे, इलेक्ट्रॉनिक सामान जगभर विकतात. परदेशात मिळवलेला एक डॉलर १६० येनांऐवजी १४२ येनच देऊ लागला, तर त्यांच्या ताळेबंदात नफा तेवढा कमी दिसतो.

यात आणखी एक कमी बोलली जाणारी गोष्ट आहे. जपानी शेअर घेणारे अनेक परदेशी फंड येन घसरण्याची धास्ती नको म्हणून शेअरांच्या किमतीएवढे येन वायद्यात विकून ठेवतात. शेअर १२ टक्के पडले की विकून ठेवलेले येन शेअरांच्या किमतीपेक्षा जास्त होतात. मग जास्तीचे येन परत विकत घेणे भाग पडते. शेअर पडतात म्हणून येन घेतला जातो, आणि येन चढतो म्हणून शेअर पडतात. त्या सोमवारी हे चक्र काही तास कोणाच्याच हातात नव्हते. मंगळवारी निक्केई १० टक्क्यांहून अधिक वर आला. बुधवारी बँक ऑफ जपानचे उपगव्हर्नर शिनिची उचिदा यांनी बाजार अस्थिर असताना दर वाढवणार नाही असे सांगितले आणि येन पुन्हा सैल पडला.

शेवंती

मी निवृत्त शिक्षिका आहे. माझी काही रक्कम म्युच्युअल फंडांत आहे आणि ऑगस्टच्या त्या दिवशी फार धास्ती वाटली. येन घबराटीत वाढतो हे इतके खात्रीचे असेल, तर थोडी मुदत ठेव मोडून येनमध्ये ठेवावी का? बाजार पडला तरी ती बाजू सांभाळून घेईल. याबाबत बँकेत कोणाकडे चौकशी करावी?

दर्यावर्दी

शेवंतीताई, मनापासून सांगतो, असे करू नका. घबराटीच्या त्या चार-सहा आठवड्यांसाठी जे खरे आहे ते एरवीच्या वर्षांना लागू पडत नाही. २०१२ च्या मध्यावर शंभर येनांना ७० रुपयांच्या आसपास पडत होते आणि जुलै २०२४ मध्ये ५२. म्हणजे १२ वर्षे येन जपून ठेवणाऱ्याचे चौथ्या हिश्श्याहून अधिक मुद्दल गेले आणि व्याजही जवळपास काही मिळाले नाही. त्याच काळात तुमच्या मुदत ठेवीने दुपटीच्या पुढे मजल मारली असती. घबराट नसते तेव्हा लोक येन उसना घेऊन विकत राहतात. त्या सततच्या विक्रीची किंमत येन जवळ बाळगणारा भरत असतो. ज्याला ठरावीक तारखेला येनच द्यायचे आहेत त्याने ते आधी घेऊन ठेवण्यात अर्थ आहे. तुम्हाला तर सगळे खर्च रुपयांतच करायचे आहेत.

ऱ्हाइनकाठ

मी २००९ पासून स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथे राहतो. फ्रँकची गोष्ट येनपेक्षा थोडी वेगळी आहे, पण दर्यावर्दी साहेबांच्या मुद्द्याला ती एका बाजूने दुजोरा देते.

युरोपातील कर्जसंकटात २०११ च्या उन्हाळ्यात फ्रँक इतका वधारला की तो जवळजवळ युरोच्या बरोबरीला आला. तेव्हा ६ सप्टेंबरला स्विस नॅशनल बँकेने जाहीर केले की एका युरोला १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिले जाणार नाही आणि त्यासाठी लागतील तेवढे युरो विकत घेतले जातील. सव्वातीन वर्षे हा शब्द पाळला गेला. मग १५ जानेवारी २०१५ रोजी सकाळी साडेदहा वाजता कोणतीही पूर्वसूचना न देता तो मागे घेतला गेला. मी कचेरीत होतो. काही मिनिटांत युरो ०.९० फ्रँकच्या खाली गेला आणि दिवसअखेर बरोबरीच्या आसपास स्थिरावला. त्या आठवड्यात साताऱ्याला आईकडे पाठवलेल्या पैशांचे नेहमीपेक्षा बरेच जास्त रुपये झाले, पण महिन्याभरातच आमच्या कारखान्याने आहे त्याच पगारात आठवड्याचे कामाचे तास वाढवले. आमचा माल युरोत विकला जात होता आणि पगार मात्र फ्रँकमध्ये द्यावे लागत होते. शेजारी दर शनिवारी सामान आणायला राइनपलीकडे जर्मनीत जाऊ लागले.

मला सांगायचे आहे ते पोलंडबद्दल. तेथील पाच लाखांहून अधिक कुटुंबांनी २००८ च्या आधीच्या काही वर्षांत घरासाठी फ्रँकमध्ये कर्ज घेतले होते, कारण व्याज कमी पडत होते. पगार झ्लॉटीत मिळत होता आणि हप्ता फ्रँकवर ठरत होता. ही माणसे सट्टेबाज नव्हती. फंडांनी टोकियोत जे केले तेच त्यांनी नकळत केले होते. फरक एवढाच की फंड एका दिवसात व्यवहार बंद करतो आणि या कुटुंबांना तीस वर्षे हप्ते भरायचे होते. पुढची कित्येक वर्षे या कर्जांचे खटले तेथील न्यायालयांत चालले.

माधुकरी

फ्रँकचे उदाहरण मला माझ्या बाजूचेही वाटते. २०११ मध्ये ग्रीस आणि इटलीतील माणसे आपली बचत फ्रँकमध्ये नेत होती ती देणे फेडण्यासाठी नव्हे, तर युरो उरेल की नाही या भीतीने. म्हणजे आसऱ्यासाठीची खरेदी मुळीच नसते, असे नाही.

दर्यावर्दी

मान्य. फ्रँकमध्ये खऱ्या ठेवींचा ओघ येनपेक्षा जास्त असतो. शेजारी घाबरलेला आहे आणि मधली सीमा तासाभरात ओलांडता येते, हे जपानच्या बाबतीत नाही. मी सर्व चलनांना एकच नियम लावायला गेलो, ते बरोबर नव्हते.

कोकणकडा

मग आपल्या सरकारने येनमध्ये घेतलेल्या कर्जांचे काय? मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने ०.१ टक्का व्याजाने ५० वर्षांच्या मुदतीचे कर्ज देऊ केले, त्यातली पहिली १५ वर्षे मुद्दल फेडायचे नाही. मुंबईच्या भुयारी मेट्रो-३ लाही जपानचेच कर्ज आहे. इतके कमी व्याज म्हणजे पैसा फुकटच म्हणायचा ना? की आपणही पोलंडच्या कुटुंबांसारखेच झालो आहोत?

दर्यावर्दी

फुकट नाही आणि पोलंडसारखेही नाही. व्याज नगण्य असले तरी मुद्दल येनमध्ये फेडायचे आहे, त्यामुळे खरी किंमत ५० वर्षांतील येनच्या भावावर ठरेल आणि ती आज कोणालाच काढता येणार नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये त्या रेल्वेची पायाभरणी झाली तेव्हा शंभर येनांना ५८ रुपयांच्या आसपास पडत होते आणि जुलै २०२४ मध्ये ५२, म्हणजे तोपर्यंत रुपयांतील देणे उलट कमी झाले होते. शिवाय सरकारला ब्रोकर मार्जिन मागत नाही. घबराटीच्या आठवड्यात येन चढला म्हणून त्याच आठवड्यात हप्ता भरावा लागतो, असे नाही. जो वाट पाहू शकतो त्याला या उसळीचा त्रास कमी होतो.

अनुस्वार

मी चार्ट पाहून व्यवहार करणारा माणूस आहे आणि मला हा सगळा सिद्धान्त थोडा सोयीचा वाटतो. २०२२ मध्ये अमेरिकेचा एस अँड पी निर्देशांक वर्षभरात १९ टक्के घसरला. युद्ध सुरू होते, महागाई होती, घबराटीला काही कमी नव्हते. येन मात्र घसरला, डॉलरचा भाव ११५ येनांवरून ऑक्टोबरमध्ये १५१ च्या पलीकडे गेला. उसने घेणारे तेव्हाही होते. मग त्यांनी येन परत का घेतला नाही?

दर्यावर्दी

हा या धाग्यावरचा सर्वांत चांगला आक्षेप आहे. २०२२ मध्ये शेअर पडत होते तेच मुळी अमेरिका व्याजदर वाढवत होती म्हणून. वर्षाच्या आरंभी शून्याजवळ असलेला दर डिसेंबरात सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर गेला आणि जपानने आपला दर उणे ०.१ टक्क्यावरून हलवला नाही. म्हणजे शेअरबाजार पडत असतानाच येन उसना घेणाऱ्याचे उत्पन्न महिन्यागणिक वाढत होते. त्याला पळण्याचे कारणच नव्हते.

म्हणून शेअरबाजार पडला की नाही एवढ्यावर थांबू नये, तो कशाच्या भीतीने पडला ते पाहावे. मंदीची किंवा बँका बुडण्याची भीती असेल, तर अमेरिकी व्याजदर उतरण्याची अपेक्षा तयार होते आणि येन वधारतो. २००८ मध्ये हेच झाले. ऑगस्टमध्ये ११० च्या आसपास असलेला डॉलर ऑक्टोबरअखेर ९१ पर्यंत आला होता. भीती महागाईची असेल, तर येन साथ देत नाही.

यात मार्च २०२० ची एक वेगळी पायरी आहे. त्या वर्षी २० फेब्रुवारीला डॉलर ११२ येनांना होता आणि ९ मार्चला १०१ पर्यंत उतरला. इथपर्यंत नेहमीसारखेच घडले. त्यानंतर जगभरच्या कंपन्यांना आणि बँकांना देणी भागवायला रोख डॉलरच हवे झाले. त्यांनी सोने विकले, अमेरिकी रोखेही विकले, आणि दोन आठवड्यांत डॉलर पुन्हा १११ येनांवर गेला. जगात सर्वांत जास्त उसने घेतलेले चलन डॉलर आहे, हे त्या वेळी दिसले. फेडरल रिझर्व्हने १९ मार्चला आणखी ९ देशांच्या मध्यवर्ती बँकांना थेट डॉलर द्यायची सोय केली, तेव्हा ताण सैल होऊ लागला. त्या यादीत भारत नव्हता. रिझर्व्ह बँकेने त्याच सुमारास बँकांना आपल्या गंगाजळीतून २०० कोटी डॉलर तात्पुरते दिले, तरी मार्चअखेर रुपया ७६ च्या आसपास गेला. परदेशी संस्थांनी त्या एका महिन्यात आपल्या शेअरबाजारातून ६० हजार कोटींहून अधिक रुपये काढले होते. रुपया उसना घेऊन जगात कोणी फारसा विकत नाही, त्यामुळे घबराटीत त्याला परत विकत घेणाराही कोणी उभा नसतो.

अनुस्वार

२०२२ चे उत्तर पटले. पण मग एप्रिल २०२५ चे काय? २ तारखेला अमेरिकेने आयातशुल्क जाहीर केले, शेअर कोसळले आणि येन-फ्रँक दोन्ही वधारले. इथपर्यंत तुमचे बरोबर. परंतु डॉलर युरोसमोरही पडला, आणि अमेरिकी दहा वर्षांच्या रोख्यांवरचा परतावा ४ टक्क्यांवरून आठवड्याभरात साडेचारपर्यंत चढला. व्याजाची दरी रुंदावत असताना येन का चढला? आणि सर्वांनी उसना घेतलेला डॉलर का पडला?

दर्यावर्दी

याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. माझा अंदाज असा की या वेळी भीतीचे मूळच अमेरिकेत होते. परदेशी फंड अमेरिकी शेअर घेताना डॉलर घसरण्याच्या धास्तीने तो सहसा वायद्यात विकून ठेवत नसत, कारण शेअर पडले की डॉलर वधारून तोटा थोडा भरून येई. तो आधार सुटला, असे दिसताच त्यांनी उशिरा डॉलर विकायला घेतला असावा. पण हा अंदाज आहे. दोन-तीन वर्षांचे आकडे हाती आल्याशिवाय मी तो ठामपणे मांडणार नाही.

माधुकरी

मला यात विश्वासाचाच प्रश्न दिसतो, उसनवारीचा नाही. आपण दोघे येथे सहमत होऊ असे वाटत नाही.

निशिगंधा

सर्वांची मी आभारी आहे. दुसऱ्या वर्षाच्या शुल्काबाबत या वेळी आम्ही निम्मी रक्कम २८ मार्चलाच पाठवली होती, तेव्हा शंभर येनांना साधारण ५७ रुपये पडले. एप्रिलच्या मध्यावर तोच भाव ६० वर होता. उरलेले सहा लाख येन सप्टेंबरपर्यंत द्यायचे आहेत. पुन्हा अशी रांग लागण्याआधी काही चाहूल लागते का?

दर्यावर्दी

मी दोन गोष्टी पाहतो. शिकागोचे आकडे दर शुक्रवारी येतात, पण ते त्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंतचे असतात, त्यामुळे गर्दी किती साचली आहे एवढेच कळते, ती कधी पळेल ते कळत नाही. दुसरी खूण म्हणजे मेक्सिकोचा पेसो. जुलै २०२४ मध्ये तेथे व्याजदर ११ टक्के होता, म्हणून येन उसना घेऊन पेसो घेणारे पुष्कळ होते. येन केवळ डॉलरसमोर चढत असेल तर कारण अमेरिकेत असू शकते. पण पेसो आणि ऑस्ट्रेलियन डॉलर दोन्ही येनसमोर डॉलरपेक्षा जोरात पडू लागले, तर उसने परत करण्याची घाई सुरू झाली असे मी समजतो. मात्र ही खूण दिसते तेव्हा हाताशी एक-दोन दिवसच उरलेले असतात, आणि बँकेत अर्ज देऊन पैसे पोहोचायलाच तेवढा वेळ लागतो. तुमच्या जागी मी उरलेले सहा लाख येन दरमहा दीड लाख याप्रमाणे चार वेळा पाठवीन.

अनुस्वार

मी वाट पाहीन. एप्रिल २०२५ मध्ये गर्दी उलट्या बाजूला होती, येन विकत घेऊन ठेवणारेच जास्त होते. ते सुटले तर शंभर येन पुन्हा ५७ च्या खाली येतील.

निशिगंधा

पहिले दीड लाख येन सोमवारी पाठवते. पुढच्या महिन्यातला भाव येथेच लिहीन.